फोनमधले फोटो संगणकात, मूळ फाइलला धक्का न लावता

फोनमधले फोटो आणि व्हिडिओ संगणकात नेताना खरे तर दोन वेगळी कामे होत असतात. संगणकावर फाइलची प्रत तयार करणे हे पहिले आणि फोनमधली जागा मोकळी करणे हे दुसरे. ही दोन्ही एकाच दमात उरकायला गेले की फोटो हरवतात. संगणकाच्या भाषेत पहिल्या कामाला ‘कॉपी’ म्हणतात. दोन्ही एकत्र केली की ते ‘कट’ किंवा ‘मूव्ह’ होते. कॉपी करताना फोनमधली फाइल फक्त वाचली जाते, त्यामुळे मध्येच केबल निघाली, वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तरी मूळ फोटो होता तिथेच राहतो. कट केल्यास प्रत लिहून झाली असे वाटताच संगणक फोनला मूळ फाइल पुसायला सांगतो. केबलने जोडलेल्या फोनमधून अशी पुसलेली फाइल संगणकाच्या ‘रिसायकल बिन’मध्ये जात नाही आणि बहुधा फोनच्या कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून सगळी फाइल-वाहतूक कॉपीनेच करावी आणि पुसण्याचे काम नंतर, वेगळ्या दिवशी, फोनवरच करावे.

अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप ही जोडी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते, म्हणून उदाहरण तिचेच घेऊ. समजा, घरातले लग्न आटोपले आहे आणि 128 जीबीचा फोन भरत आला आहे. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये 2,140 फोटो आणि 186 व्हिडिओ, म्हणजे एकूण 2,326 फाइली आहेत. त्यांनी 41 जीबी जागा व्यापली आहे आणि हे सगळे लॅपटॉपच्या D ड्राइव्हवर न्यायचे आहे. आधी त्या ड्राइव्हवर निदान 50 जीबी मोकळी जागा आहे ना, ते पाहावे. जागा काठोकाठ असेल तर काम शेवटच्या टप्प्यात अडते, आणि कुठली फाइल गेली नि कुठली राहिली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

केबल जोडल्यावर फोन चार्ज व्हायला लागतो, पण संगणकात त्याचे नाव दिसत नाही. याची कारणे दोन. पहिले कारण केबलच असू शकते. स्वस्त चार्जरबरोबर किंवा पॉवर बँकेबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या ताराच घातलेल्या नसतात. बाहेरून अशी केबल ओळखता येत नाही. फोनबरोबर आलेली केबल लावून पाहणे हाच सोपा उपाय. दुसरे कारण फोनची खबरदारी. केबल जोडली की फोन मुद्दाम फक्त चार्जिंग सुरू करतो, जेणेकरून कुठल्याही अनोळखी संगणकाला आतल्या फाइली दिसू नयेत. फोनचे कुलूप उघडून वरची सूचनापट्टी खाली ओढावी, यूएसबीसंबंधीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि `File transfer` हा पर्याय निवडावा. काही फोनांत तो `File transfer / Android Auto` असा दिसतो. यानंतर विंडोजच्या `This PC` मध्ये फोनचे नाव येते.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. पूर्वीचे अँड्रॉइड फोन संगणकाला जोडले की पेन ड्राइव्हसारखे वागत, म्हणजे सगळी मेमरी संगणकाच्या ताब्यात जाई. 2011 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 3.0 पासून ती पद्धत बदलत गेली आणि तिच्या जागी एमटीपी नावाची पद्धत आली. ती जुन्या धाटणीच्या ग्रंथालयासारखी चालते: वाचक कपाटापर्यंत जात नाही, खिडकीवर पुस्तकाचे नाव सांगतो आणि आतला माणूस ते आणून देतो. संगणक फोनला एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो. त्यामुळे फोन झोपला, त्याला कुलूप लागले किंवा तो दुसऱ्या कामात गुंतला की संगणकाला उत्तर मिळत नाही आणि कॉपी अडकते. हजारो फाइलींचा फोल्डर उघडायलाही बराच वेळ लागतो. आत्ताच काढलेला फोटो कधी कधी संगणकात दिसत नाही, कारण फोनने आपल्या यादीत तो अजून चढवलेला नसतो. केबल काढून पुन्हा लावली किंवा फोन बंद करून चालू केला की तो बहुधा दिसू लागतो. मॅक संगणकात एमटीपीची सोय मुळातच नाही. तिथे अँड्रॉइड फोनसाठी वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते किंवा बिनतारी मार्ग धरावा लागतो.

फोनच्या आत `DCIM` नावाचा फोल्डर असतो. डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळापासून हे नाव ठरलेले आहे. कॅमेऱ्याने काढलेले फोटो आणि व्हिडिओ त्यातल्या `Camera` फोल्डरमध्ये असतात. मात्र गॅलरीत दिसणारे सगळेच तिथे नसते. स्क्रीनशॉट काही फोनांत `DCIM` मध्येच असतात, तर काहींत `Pictures` मध्ये. नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले लग्नाचे फोटो आणखी खोलवर असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

फक्त `DCIM` नेला आणि फोन पुसला, तर काकूंनी पाठवलेले हळदीचे फोटो गेलेच म्हणून समजावे. आत्याने वेगळ्या अ‍ॅपवरून पाठवलेले फोटो `Download` फोल्डरमध्येही असू शकतात.

आता प्रत्यक्ष कॉपी. सगळ्या 2,326 फाइली निवडून एकदम ओढायचा मोह होतो, पण एमटीपीच्या बाबतीत तुकड्यातुकड्यांनी नेणे कितीतरी चांगले. बहुतेक अँड्रॉइड फोन फाइलीच्या नावातच तारीख घालतात. `IMG_20241124_183012.jpg` म्हणजे 24 नोव्हेंबर 2024 रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराचा फोटो. फोल्डर नावाच्या क्रमाने लावला की महिन्यांचे गठ्ठे आपोआप पडतात. D ड्राइव्हवर `2024-10`, `2024-11` असे फोल्डर करावेत, एकेका महिन्याच्या फाइली निवडून `Ctrl+C` करावे आणि ज्या त्या फोल्डरमध्ये `Ctrl+V`. उंदराने ओढताना `Shift` दाबले गेले तर कॉपीऐवजी मूव्ह होते, म्हणून कळफलकाचा मार्ग अधिक भरवशाचा. काम चालू असताना फोनचा पडदा जागा ठेवावा आणि लॅपटॉपला चार्जर लावून ठेवावा, म्हणजे दोघांपैकी कोणी मध्येच झोपणार नाही. साध्या यूएसबी 2.0 जोडणीतून सेकंदाला सुमारे 30 एमबी हा वेग मिळाला तर 41 जीबीला साधारण तेवीस मिनिटे लागतात. प्रत्यक्षात लहान फोटोंची संख्या मोठी असेल तर प्रत्येक फाइलीच्या मागणीत थोडा वेळ जातो, म्हणून पाऊण तास हाताशी धरावा.

समजा, नोव्हेंबरचा गठ्ठा जात असताना कुणाचा तरी धक्का लागला, केबल हलली आणि विंडोजने फोन सापडत नसल्याची तक्रार केली. फोनवर नोव्हेंबरच्या 612 फाइली निवडल्या होत्या, संगणकावरच्या फोल्डरच्या तळाशी 605 हा आकडा दिसतो. सात कमी आहेत एवढे कळले, पण खरा धोका त्या सातांत नाही. ज्या क्षणी केबल हलली त्या क्षणी जी फाइल येत होती, ती अर्धवट अवस्थेत संगणकावर राहिलेली असू शकते. तिचे नाव बरोबर असते आणि मोजणीतही ती धरली जाते. फोनवर तो व्हिडिओ 1.2 जीबीचा आणि संगणकावर त्याच नावाचा 740 एमबीचा दिसला की चोर सापडला.

अर्धवट फाइल उघडूनही ओळखता येते. अपुऱ्या फोटोचा वरचा भाग दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. व्हिडिओ बहुधा उघडतच नाही. फोन चित्रीकरण करतो तेव्हा कुठले दृश्य फाइलीत कुठे आहे याची सूची तो साधारणपणे चित्रीकरण संपल्यावर, फाइलीच्या शेवटी लिहितो. शेपूट तुटले की सूचीच जाते, आणि 740 एमबी दृश्ये हाताशी असूनही प्लेअरला त्यांचा पत्ता लागत नाही.

आता पुन्हा कॉपी करायची. विंडोज विचारते की त्याच नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्यावर नवी लिहायची की त्या सोडून पुढे जायचे. सोडून देण्याचा पर्याय वेळ वाचवतो, पण तो अर्धवट फाइलही ‘आहेच की’ म्हणून सोडून देतो आणि मोडका व्हिडिओ कायमचा तसाच राहतो. म्हणून आधी संगणकावरची ती अर्धवट प्रत पुसावी, मग त्या महिन्याच्या सगळ्या फाइली पुन्हा कॉपी करून `Skip` निवडावे. आधीच्या 604 वगळल्या जातील, राहिलेल्या आठ येतील आणि आकडा 612 होईल. गठ्ठा महिन्याचा असल्यामुळे हे दहा मिनिटांत आटोपते. 2,326 च्या ढिगात हाच शोध फार जड गेला असता.

सगळे महिने झाल्यावर एकूण मेळ घालायचा. इथे एक आकडा हमखास घाबरवतो. फोन म्हणतो 41 जीबी, विंडोज म्हणते 38.2 जीबी. जवळजवळ तीन जीबी गेले कुठे? कुठेच नाहीत. अनेक अँड्रॉइड फोन 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र 1,024 चा तीनदा गुणाकार करून सुमारे 107 कोटी बाइटांना 1 जीबी म्हणते. 41 ला 1.07 ने भागले की 38 च्या आसपासच उत्तर येते. त्यामुळे जीबी जुळवत बसू नये, बाइट पाहावेत. संगणकावर सगळे महिन्यांचे फोल्डर निवडून `Properties` उघडले की `Size` या ओळीत कंसात पूर्ण बाइटसंख्या दिसते. ती अकरा अंकी असेल आणि 41 च्या आसपास सुरू होत असेल, तर वजन जुळले. त्याच्याखाली `Size on disk` असते, तो आकडा थोडा मोठा असतो. तो डिस्कवर अडलेल्या जागेचा असल्याने या कामासाठी निरुपयोगी आहे.

फाइलींच्या संख्येतही थोडी तफावत दिसू शकते आणि ती दोषाची असेलच असे नाही. अँड्रॉइड 11 पासून गॅलरीत पुसलेला फोटो लगेच जात नाही. त्याच्या नावाच्या पुढे `.trashed-` असे लागते आणि तो साधारण तीस दिवस लपून राहतो. संगणकाला अशा फाइली दिसल्या तर मोजणी फुगते. शेवटची तपासणी डोळ्यांनी करावी: सर्वांत मोठे पाच-सहा व्हिडिओ संगणकावर उघडून थेट शेवटच्या मिनिटावर जावे. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही असतील तर सूचीसकट पूर्ण फाइल आली आहे.

आयफोनच्या बाबतीत अडचणींचे स्वरूप निराळे आहे. केबल जोडल्यावर फोन संगणकावर विश्वास ठेवायचा का असे विचारतो. होकार देऊन पासकोड घातल्याशिवाय विंडोजला फोटो दिसत नाहीत. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो एचईआयसी या आटोपशीर स्वरूपात साठवतो. विंडोजला ते स्वरूप पटकन उघडता येईलच असे नाही, म्हणून आयफोन ‘मदत’ करतो आणि कॉपी होत असतानाच प्रत्येक फोटो जेपीईजीमध्ये बदलून देतो. ही मदतच अनेकदा काम मोडते. बदल करायला वेळ लागतो, संगणक वाट पाहून कंटाळतो आणि `A device attached to the system is not functioning` असा संदेश देऊन कॉपी थांबवतो. शिवाय मिळालेली प्रत मूळ फाइल नसतेच, ती पुन्हा दाबून तयार केलेली असते. सेटिंग्जमध्ये फोटोंच्या पानावर अगदी तळाशी `Transfer to Mac or PC` आहे, तिथे `Automatic` ऐवजी `Keep Originals` निवडावे. मग फाइल जशी आहे तशी येते आणि चूकही सहसा येत नाही. विंडोजवर एचईआयसी फोटो पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळी जोड घालावी लागते, पण ते काम सवडीने करता येते.

आयफोनचा मोठा धोका मात्र आयक्लाउडचा आहे. फोटोंच्या सेटिंगमध्ये `Optimize iPhone Storage` चालू असेल तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंची फक्त छोटी प्रतिमा असते, मूळ फाइल ॲपलच्या सर्व्हरवर असते. गॅलरीत दहा हजार फोटो दिसतात आणि केबलने संगणकात तीनच हजार उतरतात, ते यामुळे. राहिलेले फोटो केबलमधून कधीच येणार नाहीत, ते आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोजसाठीच्या आयक्लाउड प्रोग्रॅमने उतरवावे लागतात. हे न कळता ‘आले सगळे’ म्हणून फोनमधले फोटो पुसले, तर ते आयक्लाउडमधूनही जातात, कारण ती दोन ठिकाणे एकमेकांशी बांधलेली असतात.

बिनतारी मार्गाचा एक मोठा गुण असा की त्यात पुसण्याचा प्रश्नच येत नाही. गॅलरीत फोटो निवडून `Share` दाबले की जाते ती प्रतच. अँड्रॉइड आणि विंडोज यांच्यात गुगलचा क्विक शेअर हा प्रोग्रॅम हे काम करतो. तो संगणकावर घालावा लागतो आणि फोनवर बहुधा आधीच असतो. फोनच्या यादीत संगणकाचे नाव दिसते, त्यावर बोट ठेवले की फाइली संगणकाच्या `Downloads` फोल्डरमध्ये उतरतात. लोकलसेंड हा विनामूल्य, मुक्त प्रोग्रॅम अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा सगळ्यांवर चालतो. त्याला इंटरनेट लागत नाही, दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असली की पुरे. फाइल राउटरपर्यंत जाऊन परत येते, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आयफोन आणि मॅक यांच्यात एअरड्रॉप हेच करतो.

दोन्ही यंत्रे एकमेकांना दिसत नसतील तर आधी विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ते जाळे `Public` म्हणून नोंदले आहे का ते पाहावे. तसे असेल तर विंडोज बाहेरच्या यंत्रांना तोंड दाखवत नाही, घरच्या वाय-फायसाठी `Private` निवडावे. हॉटेल, वसतिगृह किंवा कार्यालयाच्या वाय-फायवर राउटरच दोन पाहुण्यांना एकमेकांशी बोलू देत नाही. तिथे फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर घेतला की अडचण सुटते.

बिनतारी प्रतीत फोटोचे चित्र तेच असते, पण त्याच्याबरोबरची माहिती नेहमी शाबूत असेलच असे नाही. फोटो काढल्याची तारीख चित्राच्या पोटातच लिहिलेली असते आणि ती टिकते. विंडोजच्या यादीत दिसणारी फाइलीची तारीख मात्र बहुधा आजची होते, म्हणून यादी `Date taken` प्रमाणे लावावी. फोटो कुठे काढला ते स्थळ कधी कधी गळते. अँड्रॉइड 10 पासून वेगळी परवानगी नसलेल्या अ‍ॅपला फोन फोटोतले स्थळ काढून देतो, त्यामुळे तोच फोटो केबलने आला तर स्थळासह आणि एखाद्या अ‍ॅपने आला तर स्थळाविना असू शकतो. ज्यांना प्रवासाचे फोटो नकाशावर पाहायचे असतात त्यांनी आधी एकच फोटो पाठवून त्याचे `Properties` पाहावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून ते संगणकावर उतरवण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते, तारीख-स्थळाची माहितीही काढून टाकते. अशी प्रत जपून मूळ पुसले तर फोटो राहतो, पण मोठ्या आकारात छापायला गेले की तपशील नाही. तोच फोटो `Document` म्हणून पाठवला तर फाइल न बदलता जाते. दोन-चार फोटोंना हे ठीक आहे, लग्नाच्या 186 व्हिडिओंना नाही. इतक्या मोठ्या कामाला केबलच योग्य. बिनतारी मार्ग रोजच्या थोड्या थोड्या फोटोंसाठी ठेवावा.

संगणकावरची प्रत पडताळून झाली की ती आणखी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यावी. फोनमधले पुसल्यानंतर लॅपटॉपवरची प्रत एकटीच उरणार असते, आणि लॅपटॉपची डिस्कही बिघडते. जुनी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने तयार केलेली असेल तर तिच्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्क अर्धी रिकामी असूनही विंडोज फाइल फार मोठी असल्याचे सांगते. लग्नाच्या विधींचे अर्ध्या तासाचे सलग 4के चित्रीकरण ही मर्यादा सहज ओलांडते. डिस्कवर आधीचे काही नसेल, किंवा असलेले दुसरीकडे हलवले असेल, तर ती एक्सएफएटी पद्धतीने पुन्हा तयार करावी. तयार करताना तिच्यावरचे सगळे पुसले जाते.

त्यानंतर, एक-दोन दिवसांनी, फोनमधली जागा मोकळी करावी, आणि ती संगणकातून नव्हे तर फोनच्या गॅलरीतून. गॅलरीतून पुसलेले बहुतेक फोनांत तीस दिवस कचरापेटीत राहते आणि विसरलेला फोटो तेवढ्या काळात परत आणता येतो. जागाही मात्र कचरापेटी रिकामी झाल्यावरच सुटते. गुगल फोटोज वापरणाऱ्यांनी दोन गोष्टींतला फरक पाहावा. तिथल्या `Free up space` ने ज्यांची प्रत गुगलकडे गेली आहे तेच फोटो फोनमधून जातात, गुगलकडची प्रत राहते. पण त्याच अ‍ॅपमध्ये एखादा फोटो निवडून साध्या पद्धतीने पुसला तर तो दोन्हीकडून जातो. गुगलकडची प्रत `Storage saver` या प्रकारात साठवली असेल तर ती आकाराने लहान केलेली असू शकते, आणि मूळ फाइल तेव्हा फक्त संगणकावर आणि बाहेरच्या डिस्कवरच उरते.